पाच वेळा शेवटच्या फेरीतून परत: लागून राहायचं की थांबायचं?

प्रश्न: मी आठ वर्षं शाळेत गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, आठ महिने डेटा विश्लेषण शिकलो आणि गेले सोळा महिने त्याच क्षेत्रात नोकरीसाठी अर्ज करतोय. आतापर्यंत १२० अर्ज झाले, बहुतेक पोर्टलवरून. १४ ठिकाणी पहिला इंटरव्ह्यू झाला, ५ ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलो. नोकरी एकही नाही. बायको म्हणते अजून सहा महिने बघ. भाऊ म्हणतो आता पुरे. कुणाचं ऐकावं तेच कळत नाही. सोडायची वेळ आली की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

तुमच्या बायकोने आणि भावाने, दोघांनीही एकच माप हातात घेतलंय: किती दिवस झाले. एकीला ते कमी वाटतात, दुसऱ्याला जास्त. दिवसांवरून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून दोघांचंही खरं वाटतं आणि तुम्ही अडकून बसता. मी बरीच वर्षं नोकरभरतीच्या कामात होते आणि आता क्षेत्र बदलू पाहणाऱ्यांना सल्ला देते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तुमच्यासारखाच एक मोठा आकडा घेऊन येतात. तुमचा १२० आहे. पहिलं काम म्हणजे तो आकडा फोडायचा, कारण त्यात तीन वेगवेगळ्या प्रकारचे नकार एकत्र कोंबलेले आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

१२० अर्जांतून १४ ठिकाणी बोलावणं आलं, म्हणजे साधारण १२ टक्के. उरलेल्या १०६ ठिकाणी तुमच्याशी कुणी एक शब्दही बोललं नाही. तिथे तुम्हाला कुणी नाकारलेलं नाही, तुमच्या कागदाला नाकारलंय. अनेकदा तो कागदही कुणी नीट वाचलेला नसतो. जागा आतल्याच माणसाने भरलेली असते, किंवा आधीचे पुरेसे अर्ज पाहून पुढचे उघडलेलेच नसतात. या १०६ नकारांतून तुमच्या कुवतीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. क्षेत्रात एक दिवसाचाही अनुभव नसताना दर आठ-नऊ अर्जांमागे एक बोलावणं येणं, हे मी तरी वाईट म्हणणार नाही.

पुढे १४ पैकी ५ ठिकाणी तुम्ही शेवटपर्यंत गेलात, म्हणजे तीनातून एकदा. समोरासमोर बसल्यावर लोकांना तुम्ही चालण्यासारखे वाटता, याचा हा पुरावा आहे. अजिबात न जमणारा माणूस या टप्प्यावर गळतो. त्याला चाचणीतच किंवा पहिल्या तांत्रिक इंटरव्ह्यूत निरोप मिळतो.

आता उरतो तो शेवटचा टप्पा, पाचातून शून्य. मला वाटतं हाच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलाय. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तर हे गणितानेच पाहू. शेवटच्या फेरीत साधारण तीन-चार उमेदवार असतात. समजा तिघं आहेत आणि तिघंही सारख्याच तोलाचे आहेत. मग एका ठिकाणी तुमची निवड न होण्याची शक्यता दोन तृतीयांश. पाचही ठिकाणी न होण्याची शक्यता म्हणजे दोन तृतीयांशाचा पाचवा घात, सुमारे १३ टक्के. उमेदवार चार असतील तर तीन चतुर्थांशाचा पाचवा घात, सुमारे २४ टक्के. याचा अर्थ असा की तुमच्यात काहीही कमी नसतानासुद्धा, अशा दर चार ते आठ माणसांतला एक जण पाच वेळा रिकाम्या हाताने परत येईल. एवढ्यावरून ‘मला हे जमणार नाही’ असं म्हणता येत नाही. ‘जमेलच’ असंही म्हणता येत नाही. पाच फेऱ्यांत या प्रश्नाचं उत्तर मिळण्याइतका मजकूरच नाही.

दहा फेऱ्यांनंतर मात्र चित्र बदलतं. तेच घात दहापर्यंत नेले की शक्यता दोन ते सहा टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हाही शून्यच असेल, तर नशिबावर बोट ठेवणं अवघड होतं. शेवटच्या टप्प्यावर काहीतरी नेमकं अडतंय, असं मानावं लागतं.

म्हणजे तुम्हाला आणखी साधारण पाच शेवटच्या फेऱ्या हव्यात. पहिल्या पाच यायला सोळा महिने लागले. त्याच वेगाने गेलात तर पुढच्या पाच यायलाही सोळा महिने लागतील. तुमच्या परिस्थितीतली खरी गंभीर गोष्ट मला ही दिसते. नकार येताहेत यापेक्षा उत्तर फार हळू येतंय, हा त्रास मोठा आहे. बायको सांगते ते सहा महिने याच वेगाने घालवलेत, तर शेवटी तुमच्याकडे सात शून्यं असतील आणि प्रश्न आजच्याइतकाच अधांतरी असेल. भावाचं ऐकून आज सोडलंत, तर अर्धवट पुराव्यावर सोडल्याची रुखरुख राहील. दोघांचा सल्ला कमी पडतो तो इथे.

वेग वाढवणं तुम्हाला का टाळता येणार नाही, याचं आणखी एक कारण आहे. नोकरी नसलेला काळ लांबतो तसा तो स्वतःच एक अडथळा होतो. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत एक मोठा प्रयोग केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे १२ हजार काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. बेकारीचा काळ मात्र वेगवेगळा दाखवला, काही अर्जांत एक महिना, काहींत तीन वर्षांपर्यंत. काळ जितका लांब, तितकी बोलावणी कमी झाली, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच दिसली. यातून दोन गोष्टी निघतात. एक, वाट पाहणं फुकट नसतं, प्रत्येक महिन्याची किंमत पडते. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जरा दिलासा देणारी आहे. सर्वांत मोठा फटका तुम्हाला बसून गेलेला आहे, आणि त्यानंतरही बोलावणी आली असतील तर ती तुम्ही कमावलेली आहेत.

म्हणून आज संध्याकाळी एक तक्ता करा. पाचही शेवटच्या फेऱ्यांच्या तारखा लिहा. मला आकड्यापेक्षा या तारखांमध्ये जास्त रस आहे. पाचपैकी तीन-चार गेल्या सहा महिन्यांत आल्या असतील, तर तुम्ही चढत आहात. उलट पहिल्या सहा महिन्यांत चार आणि नंतर एखादीच असेल, तर काहीतरी शिळं होत चाललंय. तो कोरा काळ असेल, जुनेच प्रोजेक्ट असतील किंवा तुमचा थकवा बोलण्यात उतरत असेल. बेरीज दोन्हीकडे पाचच येते, पण पहिल्या माणसाला मी पुढे जा म्हणेन आणि दुसऱ्याला आधी थांबून दुरुस्ती कर म्हणेन.

हा नुसता माझा अंदाज नाही. २०१९ साली ‘नेचर’मध्ये यिन, वांग, इव्हान्स आणि वांग यांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी संशोधन अनुदानाचे अर्ज आणि नवे उद्योग अशा अगदी वेगळ्या क्षेत्रांतले वारंवार अपयशी ठरलेले प्रयत्न तपासले. शेवटी यशस्वी झालेले आणि न झालेले, दोघांचीही सुरुवात जवळपास सारखी होती. चिकाटीतही फार फरक नव्हता, कारण जे पोहोचले नाहीत त्यांनीही भरपूर प्रयत्न केले होते. फरक होता दोन प्रयत्नांमधल्या अंतरात. पुढे यशस्वी झालेल्यांचं हे अंतर कमी कमी होत गेलं, कारण मागच्या प्रयत्नातला चांगला भाग ते तसाच ठेवत आणि बिघडलेला तेवढाच दुरुस्त करत. इतरांचं अंतर तसं आवळत गेलं नाही. तुम्ही हे स्वतःवर तपासू शकता. सोळा महिन्यांपूर्वी कंपनीने दिलेलं टास्क पूर्ण करायला तुम्हाला किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो? प्रत्येक इंटरव्ह्यूची तयारी आजही पहिल्या पानापासून सुरू होत असेल, तर मागच्या इंटरव्ह्यूतून हाती काही उरत नाहीये.

आता वेग कसा वाढवायचा ते पाहू. सोळा महिन्यांत १२० अर्ज म्हणजे आठवड्याला दोनही नाहीत. हे वाचून आठवड्याला वीस पाठवायला लागू नका. तेच अर्ज त्याच दारातून दहापट पाठवले, तर थकवाही दहापट येतो. आधी तुमच्या १४ बोलावण्यांची वाटणी करा. त्यातली किती पोर्टलवरून आली आणि किती ओळखीच्या माणसाने नाव पुढे केल्यामुळे? कोणत्या अर्जांसोबत तुम्ही केलेल्या कामाचा नमुना होता आणि कोणत्या अर्जांत फक्त बायोडेटा? कोणत्या जाहिरातींत तुमचा शिकवण्याचा अनुभव कामाचा होता?

अशा वाटणीतून काय हाती लागतं, त्याचं एक उदाहरण सांगते. एक परिचारिका वैद्यकीय लेखनाकडे वळू पाहत होती. औषधांची माहितीपत्रकं, संशोधनाचे अहवाल असं लिहिण्याचं काम तिला हवं होतं. ६० अर्ज, तीन बोलावणी, आणि तिन्ही ठिकाणी नकार. तिचा निष्कर्ष असा झाला होता की आपलं लेखन चांगलं नाही. आम्ही अर्ज वेगळे केले. ११ अर्जांना तिने लेखनाचा नमुना जोडला होता, ४९ अर्जांत फक्त बायोडेटा होता. तिन्ही बोलावणी त्या ११ मधली निघाली. ४९ मधून शून्य.

शून्याचं मोजमाप करण्यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. सलग इतक्या प्रयत्नांत एकदाही यश आलं नसेल, तर तीनाला त्या प्रयत्नांच्या संख्येने भागा. यशाचं खरं प्रमाण त्या उत्तराहून जास्त नसावं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ४९ ला शून्य म्हणजे त्या वाटेने यशाचं प्रमाण फार तर ६ टक्के, कदाचित त्याहून बरंच कमी. दुसरीकडे ११ ला तीन. ११ हा आकडा लहान आहे आणि त्यावरून मोठा दावा करू नये, पण पुढचे अर्ज कुठल्या वाटेने करायचे हे ठरवायला तो पुरेसा आहे. तिने नुसत्या बायोडेटाचे अर्ज बंद केले आणि पुढचे ३० नमुन्यासह पाठवले. आठ बोलावणी आली.

पण तिला त्या क्षेत्रात नोकरी मिळाली नाही. या आठांपैकी पाच ठिकाणी, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या लोकांनी तिला जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. लेखन आवडलं, पण त्यांच्याकडे या पदावर विज्ञानातली डॉक्टरेट असलेलीच माणसं घेतात, कारण कंपनीबाहेरचे तज्ज्ञ अहवाल तपासताना तेच पाहतात. डॉक्टरेट म्हणजे तिच्या आयुष्यातली निदान चार वर्षं. दोन दिवस विचार करून तिने सांगितलं, ही किंमत मला द्यायची नाही. तिने ती वाट सोडली आणि रुग्णालयातच रुग्णांसाठी माहिती लिहिण्याचं काम मागून घेतलं. माझ्या मते तिने अगदी योग्य वेळी सोडलं. अडथळा काय आहे हे तिला कळलं होतं, तो तोडायची किंमत कळली होती, आणि ती किंमत तिला नको होती. पहिल्या ६० अर्जांनंतरच तिने सोडलं असतं, तर ती ‘मला लिहिता येत नाही’ ही चुकीची समजूत आयुष्यभर घेऊन फिरली असती. आणि डॉक्टरेटची अट कळल्यावरही आणखी शंभर अर्ज केले असते, तर ते उत्तर आलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसणं झालं असतं.

तुम्हालाही त्या टप्प्यापर्यंत पोहोचायचंय, आणि त्यासाठी शेवटच्या फेरीतल्या नकाराचं कारण बाहेर काढता आलं पाहिजे. ते सहसा सरळ मिळत नाही. ‘आम्हाला जास्त अनुभवी उमेदवार मिळाला’ हे वाक्य बहुतेक वेळा निरोपाचं असतं, कारणाचं नसतं. ‘माझी निवड का झाली नाही?’ असं विचारलं की समोरचा सावध होतो, कारण त्याला ती तक्रार वाटते. त्याऐवजी जिने तुमची तांत्रिक फेरी घेतली, त्या व्यक्तीला चार ओळींचा मेल करा. एचआरला नको. त्यात एकच प्रश्न ठेवा: ‘ज्यांची निवड झाली त्यांच्यात तुम्हाला असं काय दिसलं, जे मी पुढच्या वेळेपर्यंत कमवायला हवं?’ प्रश्न दुसऱ्याबद्दलचा असल्यामुळे त्याचं उत्तर देणं सोपं जातं. तरीही अनेक कंपन्यांत असं उत्तर द्यायला मनाई असते, त्यामुळे मौन मिळालं तर मनाला लावून घेऊ नका.

ज्यांचं उत्तर येत नाही, त्यांच्याबाबत तुमची स्वतःची नोंद कामी येते. इंटरव्ह्यू संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहून काढा: कोणते प्रश्न आले, कुठे तुम्ही लांबण लावलीत, आणि कोणत्या उत्तरानंतर समोरच्याने खोलात जाणं थांबवलं. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. आमचं मत फिरतं तेव्हा आम्ही पुढचे प्रश्न अवघड विचारत नाही, सोपे विचारतो. गप्पा अचानक सैल आणि गोड झाल्या, तर त्याच्या आधीचं उत्तर पाहा. शिक्षकी पेशातून आलेल्यांमध्ये मला हे वारंवार दिसलंय की ते विश्लेषण फार सुंदर समजावून सांगतात, पण ‘मग आता कंपनीने नेमकं काय करावं?’ या प्रश्नावर थबकतात. तुमचंही तसंच होतंय असं मी म्हणत नाही. पण पाचपैकी दोन-तीन नोंदींत ते सापडलं, तर पुढच्या तयारीचा विषय तोच. एकाच माणसाने सांगितलेला दोष लिहून ठेवायचा. दोन अनोळखी माणसांनी सांगितला की त्यावर काम सुरू करायचं.

यात एक खड्डा मोठा आहे आणि तुमच्यासारखे अभ्यासू लोक त्यात हमखास पडतात. नकार आला की नवा कोर्स लावायचा. कोर्समध्ये नकार नसतो, प्रगतीची पट्टी रोज पुढे सरकते, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्यातून मेहनत केल्यासारखं वाटतं, पण बाजाराकडून एकही उत्तर येत नाही. गेल्या तीन महिन्यांतले तास मोजा: किती तास शिकण्यात गेले आणि किती तास तुमचं काम नोकरी देऊ शकणाऱ्या माणसासमोर ठेवण्यात गेले? दुसरा आकडा पहिल्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी असेल, तर तुम्ही चिकाटीने नव्हे, आडोसा धरून टिकून आहात. तसंच कौतुकाचं. घरच्यांनी, मित्रांनी, कोर्सच्या शिक्षकांनी केलेलं कौतुक मनाला जरूर घ्या, हिशोबात घेऊ नका. हिशोबात फक्त त्यांचं मत धरायचं, ज्यांना तुम्हाला निवडायचा किंवा पैसे द्यायचा अधिकार आहे.

आता थांबण्याचा नियम. तो आज लिहायचा, पुढच्या नकारानंतर नाही. बॅरी स्टॉ यांनी १९७६ साली केलेला एक प्रयोग या विषयात आजही सांगितला जातो. व्यवसाय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका कंपनीच्या दोन विभागांपैकी एकात पैसे गुंतवायला सांगितले आणि नंतर ती निवड तोट्यात गेल्याचं दाखवलं. दुसऱ्या खेपेला पैसे वाटताना, ज्यांनी पहिली निवड स्वतः केली होती त्यांनी त्याच बुडत्या विभागात जास्त पैसे घातले. ज्यांना ती निवड आयती मिळाली होती त्यांनी कमी घातले. तुमची निवड तुम्ही स्वतः केलेली आहे, नोकरी सोडून केलेली आहे. त्यामुळे ऐन वेळी तुमचा निर्णय सरळ राहील यावर विसंबू नका. आजच्या शांत डोक्याने नियम लिहा आणि तो बायको आणि भाऊ दोघांकडे द्या. त्यांचं भांडण त्यामुळे तारखांवरून नियमाच्या मजकुरावर येईल, आणि ते फार उपयोगाचं असतं.

तुमच्यासाठी मी तो असा लिहीन. मुदत २६ आठवडे. या काळात आणखी पाच शेवटच्या फेऱ्या. तुमच्या आजवरच्या प्रमाणाने पाच शेवटच्या फेऱ्यांसाठी १४ पहिले इंटरव्ह्यू लागतात, म्हणजे साधारण दर दोन आठवड्यांना एक. आजच्या वेगाच्या हे अडीचपटीहून थोडं जास्त आहे, म्हणून वाट बदलावी लागेल. पोर्टलवरचे अर्ज निम्म्यावर आणा. उरलेला वेळ आठवड्याला दोन अशा माणसांशी बोलण्यात घाला, जे तुम्हाला हवं ते काम आज करताहेत. त्यांच्याकडे नोकरी मागू नका. त्यांच्या क्षेत्रातल्या खुल्या डेटावर केलेलं दोन पानी विश्लेषण दाखवा आणि त्यात काय कच्चं आहे ते विचारा.

दहाव्या आठवड्याला पहिली तपासणी करायची. तोवर पाचेक पहिले इंटरव्ह्यू व्हायला हवेत. दोन किंवा त्याहून कमी झाले असतील, तर नवी वाटही चालत नाहीये असं समजून ती बदला, पण शेवटची तारीख तीच ठेवा. मुदतवाढीची सोय एकदाच, आणि फक्त समोर ठोस काही असेल तेव्हा: एखादी शेवटची फेरी तारखेसह ठरलेली आहे किंवा लेखी प्रस्ताव येऊ घातलाय. ‘आता जवळ आलोय असं वाटतंय’ हे कारण नियमात बसत नाही. आणि याच्या वर एक अट पैशाची. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक राहिली की २६ आठवडे पूर्ण झाले असोत वा नसोत, पगाराचं काम सुरू करायचं. या अटीला मुदतवाढ नाही, कारण पैशाची घाई चेहऱ्यावर आली की इंटरव्ह्यूही बिघडतात आणि नंतरची निवडही.

नकार आल्यानंतर दोन दिवस या नियमाला हात लावायचा नाही, कडक करायलाही नाही आणि सैल करायलाही नाही. त्या दोन दिवसांत फक्त नोंद पूर्ण करा. झोप, भूक, माणसांत मिसळणं हे आठवड्यानुआठवडे बिघडलेलं असेल, तर मात्र अर्ज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. त्या अवस्थेत घेतलेला ‘सोडतो’ आणि ‘सोडणार नाही’, दोन्ही निर्णय भरवशाचे नसतात.

२६ आठवड्यांनी थांबायची वेळ आली, तर थांबायचं म्हणजे काय सोडायचं, हेही आज ठरवून ठेवा. लोक इथे सगळं एका पोत्यात भरून फेकतात. तुमच्या वाटेला तीन थर आहेत. वरचा थर पदाचा: ‘डेटा विश्लेषक’ या नावाची नोकरी. मधला थर रस्त्याचा: अनोळखी कंपन्यांत बाहेरून अर्ज करून शिरणं. तळाचा थर कामाचा: आकड्यांतून अर्थ काढणं. दहा शेवटच्या फेऱ्यांनंतरही शून्य आलं, तर त्याने पहिले दोन थर नाकारले जातात, तिसरा नाही. शिक्षणाशी संबंधित संस्थांमध्ये परीक्षांच्या निकालांचं विश्लेषण, मूल्यमापनाच्या चाचण्या तयार करणं, अभ्यासक्रमाचा परिणाम मोजणं अशी कामं असतात. तिथे तुमची आठ वर्षं हे ओझं नसतं, तुमच्याकडची सर्वांत वजनदार गोष्ट असते. खरं तर यासाठी २६ आठवडे थांबायचीही गरज नाही. पुढच्या अर्जांपैकी एक तृतीयांश आजपासूनच अशा ठिकाणी पाठवा. म्हणजे दोन्ही वाटांची तुलना करायला आकडे हाताशी राहतील.

ध्येय सोडण्यावर कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलंय. त्यांचा २००३ चा अभ्यास दोन क्षमता वेगळ्या मोजतो: हाताबाहेर गेलेलं ध्येय सोडता येणं आणि नव्या ध्येयाला लागता येणं. दोन्हींचा संबंध मनःस्वास्थ्याशी आढळला. माझ्या कामात मला दिसतं ते असं की पहिलं जमून दुसरं न जमलेले लोक सर्वांत जास्त भरकटतात. त्यामुळे नियमाच्या कागदावर खाली एक ओळ जोडा: सत्ताविसाव्या आठवड्याच्या सोमवारी मी काय करणार. त्यात कामाचं नाव, कुणाला भेटायचं ते आणि पहिला फोन कुणाला, एवढं असू द्या.

आणि दरम्यान आठवड्यातले सात-आठ तास गणिताच्या शिकवण्या किंवा एखाद्या छोट्या संस्थेचं डेटाचं काम घ्या. त्याने शिल्लक हळू घटेल, आणि ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं खरं उत्तर असेल. दोन्हींपैकी निवडता आलं तर डेटाचं काम निवडा, पैसे थोडे कमी मिळत असले तरी. ते बायोडेटात सगळ्यात वर लिहा, सुरू झाल्याच्या महिन्यासह. तक्त्यातली बोलावणी त्या महिन्याच्या आधीची आणि नंतरची अशी वेगळी मोजा.